पहिल्यांदा एकट्यानं शेरडं घेऊन गेलात, तेव्हाचा दिवस सांगा

नीराकाठ (धागाकर्ती)
माझा भाचा दहा वर्षांचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरच्या शेळ्या एकट्यानं माळावर नेणार म्हणून हटून बसलाय. वडलांबरोबर तो कायम जातो, पण सोबत कुणीच नसताना रानात काय काय घडतं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांच्याकडूनच ऐकायचंय. पहिला दिवस कसा गेला, कशानं अडलात, कसं निभावलंत, सविस्तर लिहा.

माणदेशी माळ
आमचं गाव माण तालुक्यात. मी पाचवीत होतो. आबांचा गुडघा सुजला म्हणून घोंगडी, काठी आणि भाकरी माझ्याकडे आली. आबा एवढंच म्हणाले, "मोजत बसू नको. कोण न्हाई ते बघ." आमची सात शेरडं, प्रत्येकीचं नाव ठरलेलं. आकडा चुकतो, पण काळी दिसत नाही हे लगेच कळतं.

दव सुकल्यावर निघालो. माळावर हिवर आणि बोरी भरपूर. शेळी गवतावर फार वेळ टिकत नाही, वरचा पाला ओरबाडत पुढं सरकते, त्यामुळं तिच्या मागं न पळता पुढं जाऊन उभं राहायचं. दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग बघतो तर मुंडी नाही.

मुंडी गाभण होती, पण आबांच्या हिशेबानं अजून आठवडा होता. पोटुशी शेळी कळप सोडून गेली की ती हरवलेली नसते, तिला आडोसा हवा असतो. दोन-तीन बोरींमागं पाहिलं, तर एका खळग्यात ती पुढच्या पायानं माती उकरत होती. शेपटीच्या दोन्ही बाजूंना खोल खळगे पडले होते, कास तटतटली होती. थोड्या वेळात पाणमोट फुटली.

घरी शेरडं व्यालेली मी पाहिली होती, म्हणून हात लावायची घाई केली नाही. पुढचे दोन खूर आणि त्यांच्यावर टेकलेलं नाकाड दिसलं. असं दिसलं की करडू सरळ आहे, शेळी आपली आपण मोकळी होते. पहिलं करडू पडलं, मुंडी चाटायला लागली. दुसरं काही वेळानं आलं, पण ते हलेना. तोंडावरचा चिकटा बोटानं काढला, गवताची काडी नाकात फिरवली. ते शिंकलं आणि मान हलवली. मग दोन्ही सडांतून पहिल्या दोन धारा जमिनीवर काढल्या. सडाचं तोंड मोकळं झालं, तशी दोन्ही करडं चिकाला लावली.

खरी पंचाईत परतताना होती. गाडीवाटेच्या दोन्ही अंगांना गुडघाभर शाळू, माझ्या हातात दोन करडं, आणि बाकीची सहा शेरडं त्या वाटेनं नेली तर पिकात घुसणारच. म्हणून मी ओढ्यात उतरलो. कार्तिकात आमचा ओढा कोरडा पडलेला असतो आणि दोन्ही काठ उंच, शेरडांना बाजूला जायला जागाच नाही. वाट लांबली, पण काठी उगारावी लागली नाही.

आता भाच्यासाठी मुद्दाम लिहितो. करडू खांद्यावर टाकायचं नाही. खांद्यावर घेतलं की आईला ते दिसत नाही, वास लागत नाही, आणि ती ओरडत व्यालेल्या जागेकडं परत पळते. करडं खाली, तिच्या नाकापुढं धरून वाकून चालायचं. पाठ भरून येते, पण मुंडी पावलामागं पाऊल टाकत आली आणि बाकीची तिच्यामागं. घरी पोचल्यावर आबांनी करडं नंतर पाहिली, आधी विचारलं, "वार पडली का?" पडली नव्हती. लोंबत होती, मी ओढली नव्हती. ती अंधार पडताना आपोआप पडली.

लातूरकर
मस्त लिहिलंय दादा. शाळूपासून लांब राहिलास हे बरं केलंस. कोवळी ज्वारी खाल्ली की शेळीचं पोट फुगतं आणि ती मरते. आमच्याकडं अशा वेळी गोडेतेल पाजतात. लहानपणी आमच्या दोन शेळ्या शेजाऱ्याच्या ज्वारीत गेल्या होत्या, तेल पाजलं तरी एक गेलीच.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
लातूरकर, तुमची शेळी पोट फुगून गेली नसावी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोटफुगीत डावी कूस वर येते, बोटानं टिचकी मारली की ढोलासारखी वाजते. तिला पुढचे पाय उंचावर राहतील असं उभं करावं आणि पन्नास ते शंभर मिली गोडेतेल थोडं थोडं, मान फार वर न ओढता पाजावं. मान ताणून भसकन ओतलं तर तेल फुप्फुसात जातं आणि शेळी त्यानंच दगावते.

कोवळ्या ज्वारीची बाधा विषाची आहे. पाऊस ताणला, पीक खुरटलं की विष वाढतं, आणि कापणीनंतर बुडख्याला फुटलेले धुमारेही तितकेच वाईट. खाल्ल्यावर थोड्याच वेळात शेळी धापा टाकते, थरथरते, हिरड्या लालभडक दिसतात. तिथं तेलाचा उपयोग नाही. सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन शिरेतून लागतं, तेही लगेच. पोरानं तेल शोधत बसू नये, बाकीची शेरडं पिकातून बाहेर काढावीत आणि हाक मारावी.

माणदेशी, तुम्ही वार ओढली नाहीत हे उत्तम. बारा तासांत पडली नाही तरच डॉक्टर बोलवायचा. पण इतकी भरलेली शेळी माळावर न्यायलाच नको होती.

माणदेशी माळ
साहेब, आमच्याकडं शेवटच्या दिवसापर्यंत चालवतात. चालती शेळी लवकर मोकळी होते असं आबांचं ठाम मत होतं, आणि बसवून ठेवलेली अडलेली मी स्वतः पाहिलीय.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
चालणं चांगलंच, पण ते घराभोवती. माळावर लांडगा असला की ताजं करडू आधी जातं.

कोकणी माणूस
मी पंचवीस शेळ्यांचा बंदिस्त गोठा करायचा विचार करतोय. उस्मानाबादी घ्यावी की संगमनेरी? आमच्याकडं पाऊस फार. चाऱ्याचा खर्च किती येईल?

सोलापूरची लेक
भाऊ, त्यासाठी वेगळा धागा काढा, इथं राखणीचं चाललंय. पण एवढं सांगते, पावसात शेळी उभीसुद्धा राहत नाही, आधी जमीन कोरडी कशी राहील ते बघा.

ताई, तुम्ही भाच्यासाठी विचारलंत, पण आमच्या घरी शेरडं मीच राखायचे. पहिल्या दिवशी आज्जीनं लहान करडं मुद्दाम घरी डालग्याखाली कोंडून ठेवली. मी रडले, मला ती बरोबर हवी होती. सांज झाली आणि कासा भरल्या तशा दोन दुभत्या शेळ्या आपणहून घराकडं वळल्या, बाकीचा कळप त्यांच्या मागं. भाच्याला सांगा, आईशेळ्या कुठं तोंड करतात तिकडं लक्ष ठेव.

लांडग्याचंही खरं आहे. सगळी एकदम चरायची थांबली, कान टवकारून एकाच दिशेला बघत पाय आपटायला लागली, की आपणही तिकडंच बघायचं आणि मोठ्यानं ओरडत सगळ्यांना जवळ घ्यायचं.

नीराकाठ
सगळं भाच्याला वाचून दाखवलं. "वार ओढायची नाही" हे तो दिवसभर घोकतोय. आमच्यातही एक गाभण आहे, खळगे अजून पडलेले नाहीत. न्यावी की नाही यावर भावजींचं नि आईचं तुमच्यासारखंच जुंपलंय. अडचण अशी की आमच्या ओढ्याला या दिवसांत पाणी असतं, म्हणजे शाळूतूनच जावं लागणार.

सोलापूरची लेक
मग जाताना भुकेल्या पोटी नेऊ नका, घरीच लिंबाचा नाहीतर सुबाभळीचा डहाळा थोडा खायला घाला. आणि म्होरकी शेळी दाव्यानं धरून त्याला पुढं चालू द्या. पिकाचा पट्टा संपेपर्यंत पहिले चार दिवस मागं मोठं माणूस असावं, तिथून पुढं त्याला एकट्याला सोडा.