मदत हवी आहे: तज्ञ की तज्ज्ञ, श्रृंगार की शृंगार, रिक्शा की रिक्षा? तीन बोर्ड अडकलेत

अक्षरफ्लेक्स
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं छोटं दुकान आहे, डिझाइन मीच करतो. या आठवड्यात तीन कामं जोडाक्षरांवरून अडकलीत.

पहिलं एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं. मी "स्त्रीरोग तज्ञ" असं केलं, दहा बाय चार फुटाचा बोर्ड छापून लावूनही झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे सासरे (रिटायर्ड मास्तर आहेत) दुकानात आले आणि म्हणाले शब्द चुकलाय, "तज्ज्ञ" पाहिजे, दोन ज. मी आयुष्यभर तज्ञच लिहीत आलोय, गावातल्या बाकीच्या दवाखान्यांवर पण तेच आहे आणि त्यातले चार बोर्ड तर मीच केलेत. मास्तर रागावले नाहीत, नीट बोलले, म्हणूनच जास्त लागलं. परत छापायचा म्हणजे खर्च माझाच, त्याचं काही नाही, पण यावेळी खात्री करूनच छापायचाय.

दुसरं, बांगड्यांच्या दुकानाचं "श्रृंगार". मालकीणबाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर असंच पाठवलंय पण माझ्या पुतणीचं म्हणणं की र नको. तिसरं रिक्षावाल्यांच्या संघटनेचं, त्यांच्या कागदावर "रिक्शा" आहे आणि मी आपला सवयीने "रिक्षा" टाइप केलं.

अजून एक, मोबाइलवर मी कधी कधी द्न्य असं जोडून ज्ञ लिहितो, बोलतो तसंच तर आहे, ते चालतं का? हे नुसतं पाठ करून होणार नाही, का ते कळलं तरच पुढच्या वेळी लक्षात राहील.

कोथरूडकर
द्न्य चालायला हरकत नाही असं माझं मत. मराठीत ज्ञचा उच्चार द्न्य असाच आहे, हिंदीवाले ग्य म्हणतात, गुजराती ग्न म्हणतात, म्हणजे मूळ अक्षर प्रत्येकाने आपापल्या परीने फोडलं. मग आपण बोलतो तसं लिहिलं तर बिघडलं कुठे? तज्ञचंही तेच, बोलताना दोन ज कुणालाच ऐकू येत नाहीत.

मोडीवेडा
कोथरूडकर, उच्चाराबद्दल तुम्ही बरोबर आहात, तिन्ही भाषांचं जे लिहिलंय तेही बरोबर. पण त्याच्यावरून लिहिण्याचा निष्कर्ष काढता येत नाही, कारण या अक्षरात द नाहीच, न पण नाही आणि य पण नाही. ज्ञ म्हणजे ज् आणि ञ. च-छ-ज-झ नंतर जो ञ शाळेत म्हणून घेतात आणि नंतर कुठेच दिसत नाही, तो इथे लपलेला आहे.

अक्षरफ्लेक्सदादा, "का" विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. यज्ञ हा शब्द घ्या. यज्ञ करणारा तो यजमान, आणि यज्ञाचा वेद तो यजुर्वेद. दोन्हीकडे ज स्वच्छ दिसतो. यज् ला न लागला आणि ज च्या शेजारी आल्यामुळे त्या न चा ञ झाला, म्हणून यज्ञ. राजाची राणी संस्कृतात राज्ञी, तिथेही राज मधला ज तसाच. आणि संस्कृतात जायचं नसेल तर आपली घरातली मराठी बघा: ज्ञान आणि जाण एकाच मुळातले, जाणता, जाणीव, जाणकार सगळ्यांत ज आहे. यज्ञोपवीताचं जानवं झालं, त्यातही ज. तोंडात द आला तो नंतर, अक्षरात मात्र ज कायम राहिला. म्हणून द्न्यान, विद्न्यान, आद्न्या हे चुकीचंच. शिवाय द्न्य लिहून ज्ञ चा शब्द शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण कॉम्प्युटरला ती वेगळी अक्षरं आहेत.

मोडीवेडा
आता तज्ज्ञ, ते वेगळं सांगायला हवं. तत् म्हणजे ते, आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. तत् + ज्ञ. त् च्या पुढे ज आला की त् चा ज् होतो, हे आपण रोज वापरतो: सत् + जन = सज्जन, जगत् + जननी = जगज्जननी. तसाच तत् मधल्या त् चा ज् झाला आणि पुढचा ज्ञ जसाच्या तसा राहिला, म्हणून तज् + ज्ञ = तज्ज्ञ. मास्तर बरोबर आहेत.

याचाच सख्खा भाऊ म्हणजे उज्ज्वल, उत् + ज्वल. लोक उज्वल लिहितात, तुमच्याकडे "उज्वल भविष्यासाठी शुभेच्छा" असे फ्लेक्स नक्की येत असतील, तिथेही दोन ज पाहिजेत.

पण म्हणून सगळीकडे दोन ज टाकू नका. कृतज्ञ, सर्वज्ञ, सुज्ञ, अनभिज्ञ यांत एकच, कारण ज्ञ च्या आधीचा शब्द कृत, सर्व, सु, अनभि असा आहे, तिथे ज् व्हायला मोकळा त् नाही. कृत मध्ये त दिसतो पण तो पूर्ण त आहे, पाय मोडलेला नाही. आणि बोर्डावर स्त्रीरोगतज्ज्ञ हा एकच शब्द, मध्ये जागा सोडू नका.

सुमनताई_नाशिक
माझ्या मुलीचं नाव प्रज्ञा. तिच्या एका स्पर्धेच्या सर्टिफिकेटवर "प्रद्न्या" छापून आलं, इंग्रजी यादीवरून मराठी केलं असणार. आम्ही दुरुस्तीला दिलं तर समोरचे म्हणाले उच्चार तोच आहे ना मग काय फरक पडतो. मला फार वाईट वाटलं होतं, तिचं नाव आहे ते, प्रज्ञा म्हणजे बुद्धी, प्रद्न्याला काही अर्थच नाही. आज इथे कारण वाचलं म्हणून लिहिलं. मोबाइलवर ज्ञ कसा काढायचा तेही कुणी सांगाल का, मी नेहमी कुठून तरी कॉपी करते.

टंकलेखक७७
सुमनताई, इंग्रजी अक्षरांनी टाइप करत असाल तर dnya लिहिल्यावर खाली सुचवलेल्या शब्दांत ज्ञ असतो, तो निवडायचा, पहिला येईल तो घ्यायचा नाही. मराठी कीबोर्ड असेल तर तीन बटणं:

```
ज + ् + ञ = ज्ञ
क + ् + ष = क्ष
श + ् + र = श्र
```

कॉम्प्युटरवर इन्स्क्रिप्ट कीबोर्ड वापरत असाल तर अजून सोपं, Shift+5 ला ज्ञ, Shift+7 ला क्ष आणि Shift+8 ला श्र थेट येतं.

अक्षरफ्लेक्स, तुमच्यासाठी एक सांगतो, तज्ज्ञ टाइप केल्यावर काही फॉन्टमध्ये अक्षर फुटतं, म्हणजे आधी ज्ज् असा पाय मोडलेला येतो आणि त्याच्याशेजारी एकटा ञ बसतो. ते टायपिंग चुकलेलं नसतं, त्या फॉन्टमध्ये तिघांची जोडणी नसते. अर्धा ज आणि मग पूर्ण ज्ञ असं दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर ज घालवू नका, फॉन्ट बदला. मला वाटतं निम्मे "तज्ञ" बोर्ड असेच तयार झाले असतील.

देवगड_हापूस
श्र चं म्हणाल तर २००९ च्या शासन निर्णयात शेंडीफोड्या श प्रमाण ठरवलाय, गाठीचा नाही. तेव्हा श्री पण त्याच श ने काढायला पाहिजे. फ्लेक्सवाल्यांनी हे पाळलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

मोडीवेडा
देवगडकर, निर्णयाचं बरोबर आहे पण त्यांचा प्रश्न श च्या वळणाचा नाही, र हवा की नको असा आहे. त्याच निर्णयातली एक गोष्ट मात्र इथे कामाची आहे, वर्णमालेत विशेष संयुक्त व्यंजनं म्हणून क्ष आणि ज्ञ ही दोनच घेतलीत, श्र नाही. हिंदीच्या तक्त्यात क्ष, त्र, ज्ञ, श्र चारही असतात.

कोथरूडकर
तज्ज्ञचं पटलं, मान्य. पण श्रृंगार मात्र बरोबर असावं. मी जुन्या छापाच्या पुस्तकांत बघितलंय, तिथे साधा श नसतो, श्र सारखाच वरून वळलेला असतो आणि खाली ऋकार.

मोडीवेडा
तुम्ही बघितलं ते खरं आहे, आणि चुकीचं मूळ पण तिथेच आहे. श ला काही चिकटलं की कित्येक टाइपांत त्याचं रूप बदलतं, श्व, श्च, श्न मध्ये पण तो तसाच वळतो. ऋकार लागला तरी तसाच वळतो. आपल्याला ते वळलेलं रूप श्री, श्रावण, श्रद्धा यांच्यातून ओळखीचं, त्यामुळे डोळा त्याला श्र समजतो आणि मग आपण श्र काढून वर परत ऋकार देतो. म्हणजे र चा आवाज दोनदा झाला, एकदा र मधून आणि एकदा ऋ मधून. मूळ शब्द श + ऋ, म्हणून शृंगार. शृंखला पण तसंच.

खात्री करायची तर टाइप करून बघा. शृ मध्ये श आणि ृ एवढंच लागतं. श्रृ ला श, पाय, र आणि ृ अशी चार बटणं दाबावी लागतात. ग्राहकाने पाठवलेल्या मजकुरात शंका आली तर त्या अक्षराच्या शेवटी कर्सर ठेवून मोबाइलवर बॅकस्पेस मारा, ऋकार गेल्यावर नुसता श उरला तर शब्द बरोबर, श्र उरला तर चूक.

अक्षरफ्लेक्स
आत्ताच करून बघितलं, श्र उरला. मालकीणबाईंना फोन करतो. पुतणीलाही सांगितलं, खूश झाली. रिक्षाचं कुणी सांगेल का?

टंकलेखक७७
रिक्षा. मराठीत क्ष, मुंबई-पुण्यात सगळीकडे रिक्षाच लिहितात. रिक्शा हिंदीत.

कोथरूडकर
पण मग हा नियम कुठला? शब्द जपानी आहे, जिनरिकिशा, त्यात शेवटी श आहे, ष नाही. इलेक्शन, सेक्शन, फंक्शन आपण श नेच लिहितो, क्ष घालत नाही. मग रिक्षालाच क्ष का?

मोडीवेडा
हा प्रश्न रास्त आहे. शिक्षण, दक्षिण, नक्षत्र, तीक्ष्ण हे संस्कृतातून आलेले, त्यांत क् + ष मुळातच आहे, तिथे क्श लिहिणं चूक. परभाषेतल्या शब्दांना तो आधार नाही, तिथे रूढी चालते. बक्षीस फारसीतून आला आणि मराठीत क्ष ने स्थिर झाला, रिक्षाचंही तसंच, बहुतेक भिक्षा-शिक्षा कानात बसलेले असल्यामुळे. इलेक्शन वगैरे मात्र श ने रुळले. मी रिक्षाच लिहीन, पण तज्ञ ला जसं चूक म्हणतो तसं रिक्शा ला म्हणणार नाही.

सुमनताई_नाशिक
दादा, संघटनेचं नाव नोंदणीत जसं असेल तसंच बोर्डावर टाका, नाहीतर बँकेत आणि कागदपत्रांत त्यांना त्रास होईल. आम्ही भोगलंय.

अक्षरफ्लेक्स
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अध्यक्षांना विचारलं, नोंदणीच्या कागदावर रिक्शाच आहे पण त्यांच्या शिक्क्यावर रिक्षा आहे, उद्या मीटिंगमध्ये ठरवून कळवतो म्हणाले, तोवर ते काम थांबवलंय. स्त्रीरोगतज्ज्ञचा नवा प्रूफ मास्तरांना दाखवून आलो, एकदा फॉन्ट बदलावा लागला, टंकलेखक म्हणाले तसाच ञ सुटा पडत होता. आधीचे चार दवाखाने माझ्याच हातचे आहेत, त्यांनाही फोन करून सांगणार आहे. नवीन फ्लेक्स नको, नुसत्या त्या शब्दावर त्याच रंगाची व्हिनाइलची पट्टी लावून भागेल का, की उन्हाने दोन रंग वेगळे दिसतील? कुणी केलं असेल तर सांगा.