मदत हवी आहे: एनसीएलेक्सच्या ‘लागू असतील ते सर्व निवडा’ प्रश्नांत चुकीचे पर्याय कसे गाळायचे?

नमस्कार मंडळी. एनसीएलेक्स-आरएनची तयारी करतेय. एप्रिल 2023 पासून या प्रश्नांना अंशतः गुण मिळतात, पण चुकीचा पर्याय निवडला की एक गुण वजाही होतो (शून्याखाली मात्र जात नाही). त्यामुळे अंदाजाने खुणा करायच्या नाहीत, असं ठरवलंय.

मी प्रत्येक पर्याय वेगळा घेऊन ‘हो की नाही’ विचारते. उदाहरणार्थ, हार्ट फेल्युअरचा रुग्ण डिगॉक्सिन आणि फ्युरोसेमाइडवर आहे, डॉक्टरांना काय कळवाल? पोटॅशियम 3.0: हो, कारण फ्युरोसेमाइडने ते उतरतं आणि कमी पोटॅशियममध्ये डिगॉक्सिनची विषबाधा लवकर होते. नाडी 52: हो. दिव्यांभोवती पिवळी वलयं दिसतात: हो. कालच्यापेक्षा वजन 1 किलोने कमी: नाही, सूज उतरावी म्हणूनच तर औषध दिलंय. इथवर ठीक.

अडतं ते ‘जेवण जात नाही’ या पर्यायावर. भूक मरणं हे डिगॉक्सिनच्या विषबाधेचं सुरुवातीचं लक्षण आहे, पण हार्ट फेल्युअरमध्येही भूक जातेच. मी ‘हो’ धरते, कारण प्रश्नात औषधाचं नाव मुद्दाम दिलंय आणि न कळवण्यातला धोका मोठा आहे. पण हाच निकष सगळीकडे लावला तर जवळपास प्रत्येक लक्षण कळवण्याजोगं वाटू लागतं.

ज्यांनी परीक्षा दिली आहे त्यांना विचारायचंय: असं दोन्हीकडे बसणारं लक्षण आलं की तुम्ही नेमकं कशावरून ठरवता? एखादं सोडवलेलं उदाहरण कारणांसकट लिहिलंत तर फार मदत होईल.