मदत हवी आहे: मार्कअप किती लावला की भांडवलावर बरोबर २० टक्के सुटतील? हिशोब दर वेळी थोडा कमीच पडतोय

रॅकवाला

नमस्कार मंडळी. मी लोखंडी फोल्डिंग रॅक बनवतो, एकच प्रॉडक्ट, पुढच्या वर्षासाठी नवा दर ठरवायचाय. पार्टनरशी बोलून ठरलंय की धंद्यात अडकलेल्या एकूण भांडवलावर २० टक्के परतावा आलाच पाहिजे, म्हणजे आरओसीई २०. त्याखाली असेल तर एवढी यातायात कशाला.

आकडे असे आहेत. वर्षाला १०,००० नग जातील असं धरलंय. एका नगाचा बदलता खर्च ४८०, म्हणजे ४८ लाख, आणि स्थिर खर्च २४ लाख, एकूण ७२ लाख, नगाला ७२० पडतात. मशिनरी वगैरे स्थिर भांडवल २० लाख. खेळतं भांडवल गेल्या मार्चअखेर १५ लाख होतं, तेव्हा विक्री ६० लाख (८,००० नग, दर ७५०).

मी काय केलं, २० अधिक १५ म्हणजे ३५ लाख भांडवल, त्याचे २० टक्के ७ लाख, खर्चात मिळवले, ७९ लाख विक्री, दर ७९०. खूश झालो. मग रात्री उलटं तपासलं तर विक्री ७९ लाख झाली की उधारी पण वाढणार, खेळतं भांडवल विक्रीच्या पाव म्हणजे १९.७५ लाख, एकूण ३९.७५, आणि ७ लाख नफा म्हणजे फक्त १७.६ टक्के! परत ३९.७५ चे २० टक्के घेतले, ७.९५ लाख, दर ७९९.५० आला, परत तपासलं तर १९.९ टक्के. दर वाढवला की भांडवल वाढतं, भांडवल वाढलं की नफा परत कमी पडतो. हे असं किती वेळा करत बसायचं? एका झटक्यात काढायची रीत असेल तर सांगा प्लीज.

दुकानमालक

एवढं डोकं कशाला लावता, मी सगळ्या मालावर सरसकट ३० टक्के लावतो, १०० ची वस्तू १३० ला. म्हणजे माझा परतावा ३०. तुम्ही २० लावा, विषय संपला.

नफातोटा

@दुकानमालक तसं नाही हो. मार्कअप एका फेरीचा असतो, परतावा वर्षाचा असतो. समजा तुमचे १० लाख अडकलेत आणि तेच पैसे वर्षात ४ वेळा फिरतात, तर ४० लाखांचा माल जातो, त्यावर ३० टक्के म्हणजे १२ लाख. त्यातून भाडं, पगार, वीज मिळून १० लाख गेले तर उरले २ लाख, म्हणजे परतावा २० टक्के. भाडं वाढलं किंवा माल ४ ऐवजी ३ वेळाच फिरला तर मार्कअप तोच ३० राहून चित्र पार वेगळं.

रॅकवाला, तुमच्यासाठी सोपी रीत आहे. भांडवल वर्षात किती वेळा फिरतं ते बघा, तुमची विक्री ८० च्या आसपास आणि भांडवल ४० च्या आसपास म्हणजे २ वेळा. २० ला २ ने भागा, आले १० टक्के. हाच तुमचा मार्कअप. ७२० वर १० टक्के, ७९२ दर लावा.

रॅकवाला

@नफातोटा धन्यवाद, पण ७९२ टाकून बघितलं आत्ताच. नफा ७.२ लाख, भांडवल ३९.८ लाख, येतात १८.१ टक्के. परत कमी. काय चुकतंय कळेना.

वहीखाते

कॉस्टिंगमध्ये बरीच वर्षं गेली माझी, हा घोळ दर वर्षी कुणीतरी घेऊन यायचंच, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ७९२ चं. नफातोटांनी काढलेले १० टक्के बरोबर आहेत, पण ते विक्रीवरचे १० टक्के आहेत, खर्चावरचे नाहीत. भांडवल विक्रीच्या पटीत मोजलं ना, मग उत्तरही विक्रीचाच टक्का देतं. विक्री १०० असेल तर नफा १० आणि खर्च ९०. आता १० ला ९० ने भागा, ११.११ टक्के. मार्कअप हा आहे. ७२० वर ११.११ टक्के म्हणजे ८००. मार्कअप आणि मार्जिन यांची ही गल्लत इतकी सहज होते की दरपत्रक हातात आलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो, टक्का कशावरचा?

आता तुमचा मूळ प्रश्न, ते फेऱ्या मारणं. तुम्ही करताय ते चूक नाहीये, आणखी दोनचार वेळा केलंत तर ८०० वरच येऊन थांबाल. पण गरज नाही. भांडवलाचा एक भाग जागचा हलत नाही (तुमचे २० लाख) आणि एक भाग विक्रीबरोबर वाढतो (विक्रीच्या पाव). मग विक्रीला अज्ञातच ठेवायची आणि समीकरण एकदाच सोडवायचं. S विक्री, C एकूण खर्च, F स्थिर भांडवल, w खेळत्या भांडवलाचं विक्रीशी प्रमाण, r हवा तो परतावा:

```
S = C + r × (F + w × S)
S = (C + r × F) / (1 - r × w)
```

वर ७२ अधिक २० चे २० टक्के म्हणजे ४, झाले ७६ लाख. खाली १ मधून ०.२० गुणिले ०.२५, म्हणजे ०.०५ वजा, राहिले ०.९५. ७६ ला ०.९५ ने भागलं की बरोबर ८० लाख. आता तपासा, नफा ८, खेळतं भांडवल २०, एकूण ४०, परतावा २०. ते खालचं ०.९५ आहे ना, तुमचा पाठशिवणीचा खेळ सगळा त्यात बसलाय, विक्रीतला प्रत्येक जादा रुपया स्वतःबरोबर पंचवीस पैसे उधारी-साठ्यात अडकवतो आणि त्या पंचवीस पैशांवर पण तुम्हाला २० टक्के म्हणजे पाच पैसे हवेत.

दोन गोष्टी विचारते. त्या २४ लाखांत कर्जाचं व्याज धरलंय का? धरलं असेल तर काढा, कारण एकूण भांडवलावरच्या २० टक्क्यांतूनच व्याज भागवायचं असतं, नाहीतर तेच दोनदा वसूल होतं. आणि ते १५ लाख कशाकशाचे होते?

रॅकवाला

वहीखाते ताई, इतकं समजावून कुणीच सांगितलं नव्हतं, खरंच आभार. व्याज धरलेलं नाही. १५ लाखांत १० लाख उधारी (सगळं गिऱ्हाईक दोन महिन्यांचं), ८ लाखांचा माल, त्यातून पत्र्यावाल्याचं देणं ३ लाख वजा.

नफातोटा

बरोबर आहे ताईंचं, १० टक्के सरळ खर्चावर लावले मी, माझी चूक. पण मग एक शंका. साठा आणि पत्र्यावाल्याचं देणं हे तर खर्चाच्या भावाने असतं, दर वाढवला म्हणून गोदामातला माल महाग होत नाही. सगळं खेळतं भांडवल विक्रीच्या पाव धरणं कितपत बरोबर?

वहीखाते

एकदम योग्य शंका. दराबरोबर फक्त उधारी वाढते, साठा आणि देणी नगांबरोबर वाढतात. तसं वेगळं करून बघितलं, ८,००० वरून १०,००० नगांना साठा ८ चा १०, देणं ३ चं ३.७५, उधारी विक्रीचा सहावा भाग. दर येतो ७९९. म्हणजे इथे एकाच रुपयाचा फरक, पाव धरलंत तरी चालेल. ज्यांचा साठा मोठा आणि उधारी थोडी त्यांनी मात्र वेगळंच धरावं.

मला काळजी त्या रुपयाची नाही, त्या १०,००० नगांची आहे. गेल्या वर्षी ७५० दरात ८,००० गेले, यंदा ८०० ला १०,००० कसे जाणार? ८०० लावून ८,०००च गेले तर विक्री ६४ लाख, खर्च ६२.४, नफा १.६, भांडवल ३६, परतावा साडेचार टक्केही नाही. आणि मग कुणी म्हणालं की नग कमी झालेत, परत सूत्र लावू, तर ८,००० नगांना दर येतो ८७४ च्या आसपास! नग घटले की सूत्र दर वाढवायला सांगतं, दर वाढला की नग आणखी घटतात. असं करून ऑर्डरी गमावलेली माणसं मी पाहिली आहेत. हे सूत्र तुम्हाला किती हवंय ते सांगतं, गिऱ्हाईक किती देईल ते त्याला माहीत नसतं.

रॅकवाला

खरं सांगतो ताई, इथेच पोटात गोळा येतो. नव्या मशीनमुळे ११,५०० पर्यंत नग निघू शकतात, दोन मोठ्या गिऱ्हाइकांनी जास्त माल घेऊ म्हटलंय पण लेखी काही नाही. आणि समोरच्याचा तसाच रॅक ७६० ला आहे. ७६० च्या वर गेलो तर विचारतील का मला?

वहीखाते

मग उलटं चालवा. दर ७६० पक्का धरा आणि किती नगांना २० टक्के येतात ते काढा. ७६० ला ०.९५ ने गुणा, ७२२. त्यातून ४८० गेले, नगामागे उरले २४२. यातून २४ लाख स्थिर खर्च आणि ४ लाख स्थिर भांडवलाचा परतावा, मिळून २८ लाख निघाले पाहिजेत. लागतात ११,५७१ नग. तुमचं मशीन ११,५०० ला थांबतं. १०,०००च गेले तर नफा ४ लाख, भांडवल ३९, परतावा १० टक्क्यांच्या जरा वर.

आता उधारी ६० ऐवजी ४५ दिवसांवर आणलीत तर ते पाव साधारण २१ टक्क्यांवर येतं आणि लागणारे नग ११,३०० च्या आत. मशीनमध्ये बसतं, पण बाजारात बसतं का ते तुम्हीच सांगू शकता.

दुकानमालक

हे वाचून मी पण काल रात्री वही काढली. माझा माल वर्षात तीनदा सुद्धा फिरत नाहीये आणि मी ३० टक्के ३० टक्के म्हणत बसलोय. वेगळा धागा काढतो, ताई तिकडे पण या.

नफातोटा

उधारी ४५ दिवसांवर आणायची तर गिऱ्हाईक सूट मागणारच. ७६० वर २ टक्के सूट म्हणजे नगामागे १५ गेले, तेवढ्यात नग परत मशीनच्या बाहेर जातील असं वाटतंय.

वहीखाते

जातील. ७४५ दर, ४५ दिवस, हिशोब केला, १२,००० च्या जवळपास लागतात. म्हणजे सूट न देता दिवस कमी झाले तरच फायदा. नाहीतर त्या ४८० मध्ये काय कमी होतंय ते बघा. नगामागे १० सुटले तर ७६० ला, ६० दिवसांच्या उधारीतही ११,११२ नगांत काम होतं.

रॅकवाला

पत्र्याच्या कापणीत भरपूर तुकडे वाया जातात हे खरंय, १० तिथून निघतील का बघायला हवं. सोमवारी कटिंगवाल्याबरोबर बसतो, त्या दोन गिऱ्हाइकांकडून पण नगांचं लेखी मागतो. तोवर ७९० चं दरपत्रक छापायला दिलं होतं ते थांबवलंय. आकडे आले की इथेच टाकतो.