धुवारीतला फोटो अन् राखेसारखा चेहरा

पवनी फोटोवाला
धुवारीतल्या पोर्ट्रेटसाठी माझी रेसिपी घ्या. लाइटरूममधे धुवारी कापायचा डिहेझ स्लायडर सरळ 55. मग चेहरा लाल होतो, तर ऑरेंजचं सॅच्युरेशन 25 नं खाली, ऑरेंजचं ल्युमिनन्स 20 नं वर. झालं काम. वैनगंगेच्या घाटावरचे सगळे प्री-वेडिंग मी असेच करतो, मास्क-बिस्क करत बसायची गरज नाही.

जुनी लेन्स
भाऊ, हे वाचून राहवलं नाही म्हणून लांब लिहितो. मागच्या डिसेंबरात एक पोरगा माझ्याकडे असाच केलेला फोटो घेऊन आला होता. त्याचा आजा घाटाच्या पायरीवर बसलेला, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर काळी घोंगडी, मागे नदी अन् पलीकडची झाडं धुवारीत. नदी छान उघडली होती, पण आजाचं तोंड चुलीतली राख फासल्यावानी. पोरगा म्हणे, काका, आजा घरी असा आजारी दिसत नाही.

मी मूळ फाइल उघडली अन् एकही स्लायडर न हलवता कर्सर घोंगडीच्या घडीत नेला. हिस्टोग्रामखाली लाल, हिरवा, निळा यांचे टक्के होते 6, 6, 7, शून्य म्हणजे पूर्ण काळं. मग पलीकडच्या आंब्याच्या बुंध्यावर नेला, तिथे 58, 60, 63. दोन्ही वस्तू खऱ्या तर काळ्याच. म्हणजे धुवारी साचली ती नदीवर, आजापाशी जवळपास नाहीच, फोटो सात-आठ फुटांवरून काढलेला, तेवढ्याशा हवेत धुवारी असून असून किती असणार. तरी चेहरा फिका दिसतो कारण धुवारीत उजेड चारी बाजूंनी येतो, सावली पडत नाही अन् तो उजेड थंड, निळसर असतो. ते फिकेपण उजेडाचं आहे, मधे पडदा नाही. अन् डिहेझ मात्र पडदा आहे असं धरून वजाबाकी करतं.

आता वजाबाकीनं काय होते ते पहा. आजाच्या गालावर होतं 56, 45, 40 अन् डोळ्याखाली 24, 23, 26. दोन्हीतून 14 वजा करा. (आतलं गणित इतकं सरळ नाही, पण दिशा हीच.) गाल झाला 42, 31, 26, म्हणजे काळपट लाल. डोळ्याखाली झालं 10, 9, 12. तिथला निळा आधी जरासाच जास्त होता, तो आता एकदम डोळ्यात भरतो. एकाच चेहऱ्यावर लाल गाल अन् निळे डोळे. मग तुम्ही लाल मारायला ऑरेंज खाली ओढता, गालातलं रक्त निघून जाते, निळं तसंच राहते, अन् वरून ल्युमिनन्स वाढवलं की त्याच्यावर पावडर. राख तिथूनच येते, धुवारीतून नाही.

फ्लॅशकिंग
एवढं गणित कायले? डिहेझ म्हणजे कॉन्ट्रास्टच आहे शेवटी. चेहऱ्यावर फ्लॅश मारा, चेहरा उठून येतो, एडिटिंगची गरजच नाही. मी सगळ्या धुवारीत कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लावूनच काढतो.

जुनी लेन्स
चेहऱ्याला वेगळा उजेड द्या हे बरोबर, पण कॅमेऱ्यावरचा फ्लॅश धुवारीत नको. धुवारी म्हणजे पाण्याचे थेंब, लेन्सपुढचे सगळे थेंब त्या उजेडानं चमकतात अन् जो पडदा नव्हता तो तुम्ही स्वतः तयार करता. मोटारसायकलचा हेडलाइट अप्परवर टाकून धुवारीत चालवून पहा, समजते. फ्लॅश बाजूला नेऊन लावा, नाहीतर पांढरा थर्माकोल गुडघ्यापाशी धरायला एखादं पोरगं उभं करा, डोळ्याखालचं निळं तिथेच अर्धं जाते.

फ्लॅशकिंग
थर्माकोलचं मान्य. पण माझे फ्लॅशवाले फोटो लोकांना आवडतात, तेवढं लक्षात ठेवा.

चिखलदरा रायडर
माझाही हाच प्रॉब्लेम. ऑगस्टमधे चिखलदऱ्याला गेलो होतो, भीमकुंडापाशी कारमधून उतरलो अन् लगेच बायकोचे फोटो काढले, सगळे दुधाळ, डिहेझ 80 केलं तरी चेहरा साफ येत नाही, उलट घाण होते. धुकं इतकं जाड असते का तिथे?

जुनी लेन्स
एसी लावून गेले होते का?

चिखलदरा रायडर
हो, पूर्ण रस्ताभर. का?

जुनी लेन्स
मग ते धुकं नाही, लेन्सवर दव धरलं. थंड काच दमट हवेत काढली की धरतेच. बायकोचे केस अन् मागचं झाड, दोन्हीचे आकडे पहा. दोन्ही सारखेच वर उचलले असतील तर पडदा लेन्सवर आहे. तो एडिटिंगनं नीट जात नाही कारण बारीक तपशीलच पसरून गेलेला असतो. पुढच्या वेळी कॅमेरा पिशवीत बांधून पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेत ठेवा, मग काढा.

तुरीवाला
तुमी धुवारी सुंदर सुंदर करून राहिले, इकडं तिच्यानं तुरीचा फुलोर गयून राहिला. सकाई वावरात गेलं तं खाली पिवळा सडा. प्री-वेडिंगवाले पोट्टे त्याच वावरात उभे राहून फोटू काढतात, इचारतही नाहीत. कोनाले काई वाटते का त्याचं?

पवनी फोटोवाला
दादा, तुरीसाठी वेगळा धागा काढा ना. आणि जुनी लेन्स, तुमचं लेक्चर ऐकलं. गिऱ्हाईक मला पैसे देते ते चेहरा उजळ पाहिजे म्हणून. नवरीकडचे फोनच करतात, दादा जरा गोरी करून द्या. तुमच्या घोंगडीच्या घडीनं माझं बिल निघत नाही.

मोहफूल
आता बोलतेच. माझ्या लग्नाला सात वर्षं झाली, जानेवारीत होतं, सकाळच्या धुक्यात शेतावर फोटो काढले होते. अल्बममधे चेहरा राखाडी-पांढरा, मान सावळी, हात त्याहून सावळे. तीन बाया जोडल्यासारखी दिसते मी. ऑरेंज वर ढकललं की मेकअपचा चेहरा वेगळा सरकतो अन् बिनमेकअपची मान वेगळी, हे मला आत्ता इथे वाचून समजलं. मी कोणालाही गोरी करा म्हटलं नव्हतं. सासूबाईंनी म्हटलं असेल तर मला माहीत नाही. पण फोटो माझा आहे ना? सात वर्षांत तो अल्बम मी दोनदा उघडला.

पवनी फोटोवाला
ताई, सगळ्या फोटोग्राफरना एका काठीनं हाणू नका. दहातले आठ जण गोरंच मागतात.

मोहफूल
मागतात कोण? नवरी मागते का तिच्या मागचे? तुम्ही नवरीला एकदा तरी विचारलं का?

तुरीवाला
ताई बरोबर बोलून राहिल्या. माया बाप गेला तवा तेरवीच्या बॅनरले फोटू देल्ला. बाप जनमभर उनात राबला, कायाभोर मानूस. बॅनरवाल्यानं असा पांढरा करून देल्ला का गावातले लोक इचारत, हा कोन? मायनं त्या बॅनरकडं पायलंही नाही. फोटू तोच होता, बाप नोता.

पवनी फोटोवाला
दादा, ते वाईट झालं. मी असं कोणाच्या तेरवीच्या फोटोला करत नाही. पण एक गोष्ट इथे कोणीच विचारली नाही. मी 70-200 च्या लांब लेन्सनं काढतो, जोडपं घाटाच्या शेवटच्या पायरीवर अन् मी वरती, साठेक फूट अंतर. तिथे चेहऱ्यावर धुवारी असतेच. तुमचा आजा सात फुटांवर होता, तुमचं गणित सात फुटांचं.

जुनी लेन्स
हे तुम्ही आधी लिहायला पाहिजे होतं. नवरीच्या केसात कर्सर नेऊन आकडे सांगा.

पवनी फोटोवाला
27, 28, 31.

जुनी लेन्स
मग मानतो, तुमच्या फोटोत चेहऱ्यावर पडदा आहे अन् चेहऱ्यातूनही वजा करावं लागेल. पण 55 तरीही नाही. अन् केसात निळा 31, लाल 27, म्हणजे पडदाच निळसर आहे, तो सगळ्या रंगांतून सारखा कापला तर निळं उरतेच. म्हणून आधी टेंपरेचर, म्हणजे रंगाची ऊब. गालावर लाल, हिरवा, निळा अशा उतरत्या स्पष्ट पायऱ्या दिसेपर्यंत वाढवा, पण मागची धुवारी पिवळी पडायच्या आत थांबा. मग सब्जेक्ट मास्क, म्हणजे फक्त माणसापुरती निवड, त्यात डिहेझ 12 च्या आसपास, एक्सपोजर जरा वर. केस 12-15 वर आले की बस, शून्यावर नेऊ नका, मागे एवढी धुवारी अन् केस कोळसा असं झालं की माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. मग तोच मास्क उलटा करून मागच्याला 30. ऑरेंजला हात लावायची वेळच येत नाही.

आजाच्या फोटोत मी चेहऱ्याला डिहेझ शून्य ठेवलं, टेंपरेचर थोडं वर, एक्सपोजर 0.35, अन् डोळ्याखाली बारीक ब्रशनं आणखी जराशी ऊब. गाल 60, 47, 39 वर आला. टोपी सुद्धा वाचली, नाहीतर असल्या टूलला जवळचं पांढरं कापड धुवारीच वाटते. 2009 साली काइमिंग हे, जियान सुन अन् शियाओऊ तांग या तिघा संशोधकांनी मांडलेली धुवारी काढायची पद्धत हेच धरून चालते की स्वच्छ हवेत प्रत्येक तुकड्यात कोणता तरी एक रंग जवळपास काळा असतो. डार्कटेबल या एडिटिंग सॉफ्टवेअरचं हेझ रिमूव्हल त्याच पद्धतीवर आहे. पांढऱ्या टोपीत तसा काळा रंग कुठून येणार, मग टोपी मळकी होते.

पवनी फोटोवाला
करून पाहिलं. चेहरा बरा आला, खोटं बोलत नाही. पण एका फोटोला आता दहा मिनिटं लागली, चारशे फोटोंचं काय करू? अन् ओढणीच्या कडेला पांढरी रेघ येऊन राहिली.

जुनी लेन्स
चारशेला करू नका, अल्बमच्या चाळीसला करा. रेघ येते कारण मास्कच्या काठावर मूळ धुवारी तशीच राहते अन् तिच्या बाहेरची कापली जाते. मागचं डिहेझ 30 वरून 20 करा, अन् मास्कमधून कडेची पट्टी मऊ ब्रशनं वजा करून उतार द्या. पायाखालच्या पायऱ्यांना तर सब्जेक्ट मास्क नकोच, जमीन हळूहळू मागे जाते म्हणून तिथे लिनियर ग्रेडियंट. जाळीच्या ओढणीतून मागची धुवारी दिसते त्याचं मात्र माझ्याकडेही उत्तर नाही. तसा फोटो असला तर मी मागे 15 च्या वर जातच नाही.

फ्लॅशकिंग
म्हणजे शेवटी धुवारी ठेवायचीच. मग काढायची भानगड कशाला होती.

मोहफूल
पवनीवाले दादा, माझ्या अल्बमवाल्याकडे मूळ फायली अजून आहेत, मी सकाळीच फोन केला होता. पाठवल्या तर दोन-तीन करून द्याल का? मान अन् चेहरा एका रंगाचा पाहिजे, एवढंच.

पवनी फोटोवाला
पाठवा ताई. रॉ असतील तर रॉच पाठवा, जेपीजी असलं तर मागच्या धुवारीत चौकोन चौकोन फुटतात, मग मला दोष देऊ नका.

तुरीवाला
मायाकडं बापाचा मूळ फोटू मोबाइलमदे हाय. धुवारीतलाच हाय, तुरीच्या वावरात. पाठवू का?

पवनी फोटोवाला
पाठवा दादा. किती फुटांवरून काढला होता?