मदत हवी आहे : मंदायकाने न्यूट्रॉन मंद होतात, मग साखळी अभिक्रिया मंद का होत नाही?

पारोळेकर_मनीषा
नमस्कार. मला उद्या दुपारपर्यंत उत्तर हवे आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. अणुरसायनाच्या सराव परीक्षेत मी लिहिले होते की "मंदायक न्यूट्रॉनांचा वेग कमी करतो, त्यामुळे साखळी अभिक्रिया मंद होऊन नियंत्रणात राहते". या वाक्याखाली सरांनी लाल शाईची दुहेरी रेघ ओढली आहे, समासात "उलट!" एवढाच एक शब्द लिहिला आहे आणि गुण कापले आहेत. सर आता सुट्टीवर आहेत. यात उलट काय आहे, ते कृपया कोणी सांगेल का?

चोपडा_रसायन
ताई, रासायनिक गतिशास्त्रात अभिक्रियेचा वेग कमी करणाऱ्या पदार्थाला ऋण उत्प्रेरक म्हणतात. मंदायक हा तसाच पदार्थ आहे. तो सक्रियण ऊर्जा वाढवतो, असे लिहावे; मी माझ्या विद्यार्थ्यांना हेच लिहायला सांगतो.

सावदा_निवृत्त
चोपड्याच्या सरांना नम्रपणे सांगतो की येथे सक्रियण ऊर्जेचा काहीही संबंध नाही. हा प्रश्न इलेक्ट्रॉनांचा नसून अणुकेंद्राचा आहे. मनीषाताई, पूर्ण प्रश्न काय होता, तो किती गुणांचा होता आणि भट्टी कोणत्या प्रकारची दिली होती, हे आपण लिहिलेलेच नाही. इंधन नैसर्गिक युरेनियम आहे की समृद्ध केलेले, यावर उत्तराचा अर्धा भाग अवलंबून आहे.

पारोळेकर_मनीषा
क्षमा असावी, ते लिहायचे राहून गेले. प्रश्न असा होता : "नैसर्गिक युरेनियम व जड पाणी वापरणाऱ्या अणुभट्टीतील साखळी अभिक्रिया, मंदायक व नियंत्रक कांड्या यांचे कार्य स्पष्ट करा." आठ गुण होते. ²³⁵U + n → ¹⁴¹Ba + ⁹²Kr + 3n हे समीकरण मी लिहिले होते आणि त्याचे गुण मिळाले आहेत.

दीपनगर_आबा
मी कोळशाच्या वीज केंद्रात एकतीस वर्षे काढली आहेत. तत्त्व सगळीकडे एकच असते. बॉयलरमध्ये कोळसा कमी सोडला की आच कमी होते, तसेच या कांड्या आत सरकवल्या की इंधन कमी पडते. मंदायक आणि कांड्या हे दोन्ही ब्रेकच आहेत, एक हळू लागणारा आणि एक जोरात लागणारा. त्यामुळे ताईंचे वाक्य फार चुकलेले आहे, असे मला वाटत नाही.

सावदा_निवृत्त
आबा, आपल्या अनुभवाचा आदर ठेवून सांगतो की कांड्या ब्रेक आहेत हे बरोबर आहे, पण मंदायक ब्रेक नाही. याचा पुरावा आपल्याच देशातील भट्ट्यांमध्ये आहे. रावतभाट्याच्या पहिल्या दोन आणि कल्पाक्कमच्या जड पाण्याच्या भट्ट्यांमध्ये तातडीने भट्टी बंद करायची असेल, तर मंदायक असलेले जड पाणी खालच्या टाकीत सोडून देण्याची रचना होती. पाणी निघून गेले की साखळी तुटते. ब्रेक काढून घेतल्याने गाडी थांबते, असे कधी झाले आहे का?

आता कारण पाहू. न्यूट्रॉन मंद झाला म्हणून विखंडन मंद होत नाही, तर त्याला विखंडन घडवण्याची संधी अनेक पटींनी वाढते. विखंडनातून निघालेल्या न्यूट्रॉनाची ऊर्जा सरासरी २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. एवढ्या वेगाच्या न्यूट्रॉनासाठी युरेनियम-२३५ चे विखंडन-क्षेत्रफळ एक-सव्वा बार्न इतकेच भरते. तोच न्यूट्रॉन भोवतालच्या पाण्याच्या तापमानाशी जुळता झाला, म्हणजे ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत उतरला, की ते सुमारे ५८५ बार्न होते.

नैसर्गिक युरेनियमात हे फार महत्त्वाचे ठरते, कारण २३५ च्या एका अणूमागे २३८ चे सुमारे १३८ अणू असतात. मंद न्यूट्रॉन गिळण्याची २३८ ची क्षमता प्रत्येकी २.७ बार्न आहे, म्हणजे १३८ अणूंची मिळून सुमारे ३७०. स्वतः २३५ सुद्धा विखंडन न होता सुमारे ९९ बार्नाने न्यूट्रॉन गिळतो. एकूण १,०५४ पैकी ५८५ वाट्याला विखंडन येते आणि प्रत्येक विखंडनातून सरासरी २.४३ न्यूट्रॉन निघतात. म्हणून इंधनात शोषल्या गेलेल्या दर एका न्यूट्रॉनामागे सुमारे १.३५ नवे मिळतात. गळती आणि इतर शोषण वजा करून एक उरवायचा असतो, त्यामुळे वरचे हे ०.३५ फार जपून वापरावे लागते.

शिरपूर_प्रश्नपत्रिका
सावद्याच्या काकांनी हिशेब फार चांगला दिला, पण आठ गुणांत हे मावणार नाही. मुलांनी स्वच्छ आकृती काढावी आणि भागांना नावे द्यावीत. मला एक शंका मात्र आहे. साधे पाणीही मंदायक असते आणि ते स्वस्त आहे, मग जड पाण्याचा खटाटोप कशासाठी?

सावदा_निवृत्त
मंद करण्यात साधे पाणी सरसच आहे. अंगणातील गोट्या आठवा. गोटी तेवढ्याच वजनाच्या गोटीवर समोरासमोर आदळली तर जागीच थांबते, पण मोठ्या दगडावर आदळली तर जवळजवळ त्याच वेगाने परत येते. हायड्रोजनचे केंद्रक न्यूट्रॉनाएवढ्याच वस्तुमानाचे असल्याने सुमारे १८ टकरींत काम होते. ड्युटेरियमला सुमारे २५ आणि ग्राफाइटमधील कार्बनला ११४ टकरी लागतात. अडचण अशी की साधा हायड्रोजन न्यूट्रॉन गिळतोही, आणि ते आपल्याला त्या ०.३५ मधून परवडत नाही. ड्युटेरियम त्याच्या सहाशे-सातशेपटींनी कमी गिळतो. म्हणूनच साध्या पाण्यावर चालणाऱ्या तारापूरच्या १९६९ च्या पहिल्या दोन भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागते, तर आपल्याच तापीच्या खालच्या अंगाला असलेल्या काक्रापारच्या भट्ट्या जड पाणी घेऊन नैसर्गिक युरेनियमावर चालतात.

वाटेतला एक धोकाही लिहावा. काही इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पट्ट्यात, उदाहरणार्थ ६.७ च्या आसपास, युरेनियम-२३८ हजारो बार्नांनी न्यूट्रॉन गिळतो. म्हणून इंधन आणि मंदायक एकत्र कालवत नाहीत. इंधनाच्या कांड्या वेगळ्या ठेवून मधल्या पाण्यातच न्यूट्रॉनाला तो पट्टा ओलांडू देतात. परीक्षक बहुधा हे विचारत नाहीत, पण भट्टीची सगळी मांडणी याच कारणाने ठरते.

दीपनगर_आबा
मंदायकाबाबत मी माझे म्हणणे मागे घेतो. पण कांड्यांनी इंधन कमी पडत नाही, तर मग काय कमी पडते?

सावदा_निवृत्त
इंधन जागेवर तेवढेच राहते, आबा. बोरॉन-१० किंवा कॅडमियम-११३ मंद न्यूट्रॉन गिळतात, त्यामुळे पुढच्या पिढीतील न्यूट्रॉन कमी होतात. मनीषाताईंनी "कांड्या न्यूट्रॉनांचा वेग कमी करतात" असे लिहू नये. कांड्या त्यांची संख्या कमी करतात. कोळशाशी आणखी एक फरक आहे. साखळी थांबली तरी विखंडनाच्या तुकड्यांच्या किरणोत्सारामुळे सुरुवातीला पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता निघत राहते, म्हणून शीतक चालूच ठेवावे लागते.

चोपडा_रसायन
ऋण उत्प्रेरकाचा माझा मुद्दा चुकीचा होता, हे मान्य करतो. पण एका पिढीला मिलिसेकंद लागत असेल, तर कांड्या हलवेपर्यंत सगळे हाताबाहेर जाणार नाही का?

सावदा_निवृत्त
हा खरा प्रश्न आहे. न्यूट्रॉनांची संख्या दर पिढीत ०.१ टक्का वाढते आणि पिढी एक मिलिसेकंदाची आहे असे धरले, तर दहा सेकंदांत दहा हजार पिढ्या होतात आणि शक्ती सुमारे बावीस हजारपट होते. प्रत्यक्षात युरेनियम-२३५ चे सुमारे ०.६५ टक्के न्यूट्रॉन विखंडनाच्या तुकड्यांतून सेकंदांनी, काही तर मिनिटाने उशिरा निघतात. वाढ ०.१ टक्क्यावर ठेवली, तर साखळी या उशिरा येणाऱ्यांवर अडून राहते आणि तेवढ्याच दहा सेकंदांत शक्ती दुप्पटही होत नाही. वाढ ०.६५ टक्क्यांच्या पलीकडे गेली, तर मात्र त्यांची वाट पाहावी लागत नाही आणि कांड्यांना वेळ मिळत नाही.

शिरपूर_प्रश्नपत्रिका
विलंबित न्यूट्रॉन आठ गुणांच्या उत्तरात लिहू नयेत, असे माझे मत आहे. तपासणाऱ्याला ते अवांतर वाटते.

सावदा_निवृत्त
मी असहमत आहे. त्यांच्याविना कांड्यांचे कार्य स्पष्टच होत नाही; निदान एक वाक्य तरी असावे.

पारोळेकर_मनीषा
सर्वांचे मनापासून आभार. वाक्य असे बदलले आहे : "मंदायक न्यूट्रॉनांचा वेग कमी करून विखंडनाची शक्यता वाढवतो व साखळी टिकवतो, नियंत्रक कांड्या न्यूट्रॉन शोषून त्यांची संख्या मर्यादित ठेवतात." विलंबित न्यूट्रॉनांचे वाक्य घालते आणि सर परतल्यावर त्यांना विचारते. काका, त्या भट्ट्यांमध्ये खाली सोडलेले जड पाणी पुन्हा वर चढवताना भट्टी हळूहळू सुरू होते का? पाण्याच्या पातळीनेही शक्ती कमी-जास्त करता येते का?