हायड्रॉलिक बेडचं झाकण खाली येतंय? डायरेक्ट १५०० चे शॉक टाका

निलेश_चिंचवड
आमच्या बेडचं झाकण वर राहायचं बंद झालं होतं. हात सोडला की धाडकन खाली. जुने शॉक ८०० न्यूटनचे होते, मी डायरेक्ट १५०० चे टाकले. विषय संपला. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी डोकं न लावता सगळ्यात मोठ्या नंबरचे टाकावेत. मोजमाप वगैरे सांगणारे सुतार नुसता वेळ खातात.

सुहास_धायरी
निलेश, तुमच्या घरात काय टाकायचं तो तुमचा प्रश्न. पण "सगळ्यांनी टाकावेत" हे वाचून राहवलं नाही. मी वीस वर्षं फर्निचर फिटिंग करतोय आणि असले मोठ्या नंबरचे शॉक टाकून प्लायमधून उपटलेल्या पट्ट्या मीच नंतर जाऊन बसवतो.

आधी शॉक मेलाय का ते तरी बघा. झाकण वाकडं राहत असेल, म्हणजे एक कोपरा वर आणि एक खाली, तर बहुतेक एकाच बाजूचा गेलाय. चकचकीत दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला तर सील फुटलंय. आणि दोन्ही बाजू सारख्याच हळूहळू खाली येत असतील, तेही थंडीत पहाटे जास्त आणि दुपारी कमी, तर शॉक अगदी काठावर आलेत. आत नायट्रोजन असतो, गार झाला की त्याचा जोर घटतो. आपल्याकडच्या खोलीत जानेवारीची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत पाच टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. काठावरच्या शॉकला तेवढा पुरतो.

काढलेला शॉक तपासायची साधी रीत आहे. दांडा खाली करून लाकडी ठोकळ्यावर सरळ उभा धरा आणि वरून अंगाचा भार द्या. ८०० न्यूटन म्हणजे ऐंशी किलोच्या जवळ. साठ किलोच्या माणसाला तो दाबता येता कामा नये. सहज आत गेला तर मेला.

पण तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्टच नाही. गादी बदलली होती का?

निलेश_चिंचवड
हो, दिवाळीत नवीन आठ इंची घेतली. त्याचा काय संबंध? शॉक चार वर्षं जुने होते, जाणारच होते.

सुहास_धायरी
सगळा संबंध त्याचाच आहे. धायरीतलंच एक काम सांगतो. साडेसहा बाय पाचचा बेड, वर अठराचा प्लाय, एकाच बिजागरीवर उघडणारा. त्यांचीही तक्रार हीच, आणि गादीही नवीनच. शॉक काढले, झाकण बंद ठेवलं, पायथ्याच्या हँडलला सामान मोजायचा हँगिंग काटा लावला आणि झाकण जेमतेम सुटेपर्यंत ओढला. काटा ३४ किलोवर. जुनी गादी माळ्यावरच होती, ती टाकून पुन्हा ओढला तर २६.

हँडलपासून बिजागरी १९० सेंटिमीटर. झाकण पंचेचाळीस अंशांवर थांबायचं, तिथे वजनाचा जोर सत्तर टक्के उरतो. म्हणजे ३४ गुणिले १९० गुणिले ०.७, साडेचार हजारांच्या आसपास. झाकण उघडं असताना बिजागरीच्या पिनपासून शॉकच्या रेषेला काटकोनात अंतर घेतलं, ते २५ सेंटिमीटर. भागलं की १८० किलो, दोन शॉकमध्ये नव्वद-नव्वद. जुन्या गादीला हाच हिशोब सत्तरच्या आत येतो. म्हणजे ८०० चे शॉक मेलेलेच नव्हते, गादीला कमी पडत होते. थंडीसाठी थोडं वर धरून १००० ची जोडी लावली.

आता त्याच बेडला तुमचे १५०० लावून बघा. उघडं झाकण खाली आणायला हँडलवर १६ किलोचा जोर लागेल. १००० ला लागतो अडीच किलो. गादी काढून झाकण बंद करायला गेलात तर २७ किलो. आणि तो सगळा ताण प्लायमधल्या चार स्क्रूंवर.

एरंडवणे_जोशी
एवढा हिशोब कशाला? त्यात तेल असतं, ते संपतं, म्हणून झाकण पडतं. हायड्रॉलिक म्हणतात ते उगाच नाही. गाडीच्या डिकीचे शॉक मी भरून आणले होते, दोन वर्षं चालले. बेडचेही भरून मिळतील.

सुहास_धायरी
जोशीकाका, तेल असतं, पण घोटभर. सील ओलं राहावं आणि शेवटाला झटका बसू नये एवढ्यापुरतं. उचलतो तो गॅस. म्हणूनच झाकण उघडं असताना बारीक दांडा खाली आणि जाड नळी वर हवी, म्हणजे तेल सीलवर उतरतं. उलटे लावलेले शॉक लवकर जातात, आणि अर्ध्या घरांत ते उलटेच लावलेले असतात. भरून देणारे आहेत हे मान्य. पण सील जुनंच राहतं, आणि किती दाब भरला हे तुम्हाला कळत नाही. घरी मात्र कुणीही नळीला ड्रिल लावू नका. आतला दाब जीव घेऊ शकतो.

एरंडवणे_जोशी
माझे दोन वर्षं चालले हे तरी खोटं नाही ना.

मीनल_वारजे
मला वेगळंच विचारायचंय. आम्ही भाड्याने राहतो, बेड घरमालकांचा. झाकण पडून आईच्या मनगटाला लागलं, प्लास्टर घालावं लागलं. मालकांना सांगितलं तर म्हणे तुम्ही वापरता, तुम्ही बदला. आणि सोडताना चालू स्थितीत नसेल तर डिपॉझिटमधून कापणार. हे बरोबर आहे का?

निवृत्त_सहकारनगर
अर्थात बरोबर आहे. मी दोन फ्लॅट भाड्याने देतो. बेडमध्ये लोक अख्खा संसार कोंबतात, दिवसातून दहादा उघडतात, मुलं झाकणाला लोंबकळतात. माझ्या एका भाडेकरूने झाकण बिजागरीपासून उपटून ठेवलं होतं. बल्ब गेला तर मालकाला बोलावता का?

मीनल_वारजे
काका, आमच्यात मूल नाही आणि बेडमध्ये फक्त रजया आहेत. शॉकवर बनवल्याचं साल छापलंय, आम्ही राहायला यायच्या पाच वर्षं आधीचं. करारात "नेहमीची झीज सोडून" असं लिहिलंय. गॅस निघून जाणं ही झीज नाही तर काय?

निवृत्त_सहकारनगर
करार सगळेच दाखवतात. घर घेताना बेड उघडून बघितला होता ना? तेव्हा वर राहत होता ना? मग.

निलेश_चिंचवड
काका, माणसाचा हात मोडलाय आणि तुम्ही काय बोलताय! हजार-बाराशेची वस्तू आहे.

निवृत्त_सहकारनगर
हजार-बाराशे तुमच्या खिशातले नाहीत म्हणून सोपं वाटतं. गीझर, नळ, चिमणी, सगळ्याचे हजार-बाराशेच असतात. वर्षाला बेरीज करून बघा.

सुहास_धायरी
भांडण तुमचं चालू द्या, मला त्यात पडायचं नाही. फक्त एक सांगतो, शॉक झिजतो तो बंद पडून राहिला तरी झिजतो. सीलमधून गॅस थोडा थोडा जातोच. न वापरलेल्या पाहुण्यांच्या खोलीतले मेलेले शॉक मी कित्येक वेळा बदललेत. त्यामुळे "तुम्ही वापरलं म्हणून गेलं" हे यंत्राच्या हिशोबाने टिकत नाही.

मीनलताई, कोणी का बदलेना, तोवर आईंना त्या झाकणाखाली हात घालू देऊ नका. आणि बदलताना दोन्ही बाजूंना जाड लाकडाचे टेकू लावल्याशिवाय बोल्टला पाना लावायचा नाही. झाकण पूर्ण वर असतानाच काढायचं, तेव्हा शॉक मोकळा झालेला असतो. अर्धवट उघड्यात काढायला गेलात तर तो सुटून तोंडावर येतो. एका बाजूचा नवा बसला की मग दुसरा. आणि दोन्ही बदलायचे, एक जुना एक नवा ठेवलात तर झाकण पिळवटतं.

मीनल_वारजे
धन्यवाद दादा. नवीन घेताना दुकानात काय दाखवू? पूर्ण उघडलेल्या स्थितीतली लांबी पुरते का?

सुहास_धायरी
नाही. एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंत, उघडी आणि दबलेली अशी दोन्ही मापं लागतात. दबलेली लांबी जास्त निघाली तर बेड बंदच होणार नाही, आणि जोर लावून बसवलंत तर पट्टी उखडेल. बोल्ट आठचा की दहाचा तेही बघा. सगळ्यात बरं म्हणजे जुना शॉकच पिशवीत घालून टिंबर मार्केटच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानात घेऊन जा. नंबर नळीवर छापलेला असतो, पुसला असेल तर काट्याने वजन घ्या. मात्र गादी सपाट राहून वर पुढे सरकणारा दुहेरी पट्टीचा बेड असेल तर मी वर लिहिलेला हिशोब त्याला लागू नाही.

निलेश_चिंचवड
सुहासदादा, काटा आणून ओढून बघितला. माझ्याकडे ३१ आला. म्हणजे तुमच्या हिशोबाने मला १००० बास होते, ठीक आहे. पण उघडायला हलकं झालंय हे तुम्ही लिहीतच नाही. आधी बायकोला झाकण सुरुवातीला उचलता यायचं नाही, आता येतं. त्याचं काय?

सुहास_धायरी
ते खरं आहे. बंद असताना शॉक बिजागरीच्या अगदी जवळून जातो, पिनपासून जेमतेम १० सेंटिमीटर, म्हणून पहिला फूटभर कुठलाही शॉक फारशी मदत करत नाही. धायरीच्या बेडला १००० लावूनही सुरुवातीला २३ किलो उचलावे लागतात, १५०० ला १८ लागले असते. पाच किलोचा फायदा आहे. पण तो फायदा तुम्ही बंद करताना तिप्पट चुकवता. वहिनींना बंद करता येतं का, ते विचारा.

निलेश_चिंचवड
बंद मीच करतो. तिचा हात उघड्या हँडलला पोचत नाही.

सुहास_धायरी
मग हँडलला पट्टा बांधा म्हणजे ओढता येईल. आणि खालच्या पट्टीचे स्क्रू महिन्यातून एकदा बघत जा. प्लायला केसाएवढी जरी चीर दिसली तर त्याच दिवशी १००० ची जोडी लावून घ्या. पार्टिकल बोर्ड असेल तर चीर दिसायची वाटही बघू नका.

निलेश_चिंचवड
प्लायच आहे. बघतो. पण १५०० काढणार नाही.

निवृत्त_सहकारनगर
मीनलताई, जोडी तुम्ही आणा, बिल मालकाला पाठवा. अर्धं मागा. मी असतो तर अर्धं दिलं असतं. पूर्ण नाही.

मीनल_वारजे
पूर्णच मागणार आहे.