अनुभव धागा: पगार स्लिपवरील पीएफ आणि पासबुकातील पीएफ यांचा ताळमेळ मागणारे पत्र

पिरनवाडीकर (धागाकर्ता)

उद्यमबाग, मच्छे, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील कारखाने, शाळा आणि दुकाने यांत काम करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या पगारातून दरमहा पीएफ कापला जातो. पासबुक उघडल्यावर मात्र स्लिपवरची रक्कम आणि तिथली रक्कम जुळत नाही. अशा वेळी कंपनीच्या हिशोब विभागाला आपण काय लिहिले, कोणते उत्तर आले आणि फरकाचे खरे कारण काय निघाले, एवढेच या धाग्यात सविस्तर लिहावे. तोंडी विचारणा केल्यावर काय झाले हे बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून भर पत्रावर असावा. कंपनीचे आणि व्यक्तींचे नाव कृपया कोणीही लिहू नये.

मच्छेचा मोल्डर

मी फाऊंड्रीत मोल्डिंग विभागात आहे. एप्रिल २०२३ पासून महागाई भत्ता वाढून माझा मूळ पगार आणि भत्ता मिळून १४,२०० रुपये झाला. त्याआधी तो १३,५०० होता. नव्या पगारावर १२ टक्क्यांप्रमाणे दरमहा १,७०४ रुपये कापले गेले आणि ते प्रत्येक स्लिपवर छापलेले आहेत. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या बारा स्लिपांची बेरीज २०,४४८ रुपये येते. पासबुकात त्या वर्षाची माझ्या वाट्याची बेरीज २०,११२ आहे, म्हणजे ३३६ रुपये कमी. कंपनीने माझे ३३६ रुपये ठेवून घेतले आहेत आणि ते परत मिळावेत, असे पत्र मी दिले. उत्तर एका ओळीचे आले: सर्व रक्कम नियमित भरलेली आहे, आपला हिशोब चुकीचा आहे. रक्कम मोठी नाही हे मलाही कळते, परंतु माझ्या पगारातून कापलेला रुपया माझ्या खात्यात दिसला पाहिजे. शिवाय आमच्या विभागातील इतरांच्या पासबुकातही असाच फरक आहे.

उद्यमबागेचे हिशोबनीस (निवृत्त)

मोल्डरदादांचा मुद्दा खरा आहे, पण त्यांचा आकडा खरा नाही, आणि हिशोब विभागाने नेमक्या त्याच फटीतून हात झटकले आहेत. मी वर्षानुवर्षे हेच काम केले, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पासबुकाचे वर्ष आणि स्लिपांचे वर्ष एक नसते. मार्चच्या पगाराचा पीएफ एप्रिलच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, म्हणून पासबुकाच्या वर्षातील पहिली नोंद मार्चच्या पगाराची आणि शेवटची फेब्रुवारीच्या पगाराची असते. पासबुकात ओळीसमोर `Cont. For Due-Month 042023` असे दिसते, त्याचा अर्थ एप्रिलचा पगार असा नसून मार्च २०२३ चा पगार असा आहे. आता दादांच्या बेरजेकडे पाहा. त्यांनी मार्च २०२४ ची १,७०४ ची स्लिप धरली, पण पासबुकाच्या त्या वर्षात तिच्या जागी मार्च २०२३ चे जुन्या पगारावरचे १,६२० आहेत. हा ८४ रुपयांचा फरक कोणीही खाल्लेला नाही, तो निव्वळ वर्षाच्या कडेचा फरक आहे. ३३६ मधून ८४ वजा केले की २५२ उरतात आणि २५२ म्हणजे बरोबर तीन वेळा ८४. याचा अर्थ तीन महिन्यांचा पीएफ जुन्याच पगारावर भरला गेला असावा. दादा, आपल्या पासबुकातील `052023`, `062023` आणि `072023` या तीन ओळी पाहून सांगा.

मच्छेचा मोल्डर

पाहिले. तिन्ही ओळींत १,६२० आहेत. `082023` पासून पुढे १,७०४ आहेत.

उद्यमबागेचे हिशोबनीस (निवृत्त)

मग कारण जवळजवळ स्पष्ट आहे. पासबुकातील आपल्या वाट्याच्या रकमेला १२ ने भागून १०० ने गुणले की कंपनीने कोणता पगार दाखवला ते कळते, आणि १,६२० वरून येतात १३,५००. दरमहा कंपनी ईसीआर नावाची जी फाईल चढवते, तिच्यात एका कामगाराची एक ओळ असते. ती साधारण अशी दिसते:

```
UAN#~#NAME#~#15200#~#13500#~#13500#~#13500#~#1620#~#1125#~#495#~#0#~#0
```

पहिला आकडा एकूण पगाराचा, त्यात घरभाडे भत्ताही आला, आणि त्यापुढचा आकडा पीएफ ज्यावर कापायचा त्या पगाराचा. एकूण पगार नवा आणि पीएफचा पगार जुना, असे असेल तर कारकुनाने मागच्या महिन्याची फाईल उघडून एकच रकाना बदलला असावा असे मी समजतो. एप्रिलमध्ये महागाई भत्ता बदलला की हा घोळ मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. त्यामागे दरवेळी लबाडी असतेच असे नाही, मात्र कापलेली रक्कम न भरणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे हिशोब विभागालाही ठाऊक असते.

निपाणीची शिक्षिका

मी खासगी शाळेत आहे. आमच्या स्लिपवर माझे १,७४० आणि संस्थेचे १,७४० असे दोन्ही दाखवतात, पण पासबुकातील शिल्लक महिन्याला ३,४८० ने वाढत नाही. म्हणजे संस्था आपला निम्म्याहून अधिक वाटा भरतच नाही, असे समजून पत्र लिहावे काय?

उद्यमबागेचे हिशोबनीस (निवृत्त)

ताई, एवढ्यावरून लिहू नका. मालकाच्या १२ टक्क्यांतील ८.३३ टक्के पेन्शनच्या रकान्यात जातात, ते शिल्लकेत मिसळत नाहीत आणि त्यांच्यावर व्याजही लागत नाही. तुमचा पगार १४,५०० धरला तर पेन्शनमध्ये १,२०८ आणि पीएफमध्ये संस्थेचे ५३२ दिसायला हवेत. तिसऱ्या रकान्यात १,२०८ असतील तर संस्थेने पूर्ण वाटा भरलेला आहे. पेन्शनसाठी पगार १५,००० पर्यंतच धरतात, म्हणून तिथे महिन्याला १,२५० पेक्षा मोठी रक्कम सहसा दिसत नाही. ते १,७४० तुमच्या हातात येणाऱ्या पगारातून वजा होत असतील, तर मात्र तो स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न आहे, कारण मालकाचा वाटा कामगाराकडून वसूल करता येत नाही.

शिनोळीला जाणारी

मी बेळगावात राहते आणि कामाला शिनोळीच्या एमआयडीसीत जाते. माझा प्रश्न थोडा निराळा आहे. जुन्या कंपनीची शिल्लक नव्या पासबुकात दिसेनाशी झाली, तेव्हा मी नव्या कंपनीच्या हिशोब विभागाला पत्र दिले. त्यांनी नम्रपणे कळवले की एकाच यूएएनखाली प्रत्येक कंपनीचा सदस्य क्रमांक वेगळा आणि त्याचे पासबुकही वेगळे असते, जुनी रक्कम हस्तांतरित करून घेईपर्यंत ती तिथेच राहते. म्हणून पत्र लिहिण्यापूर्वी आपण कोणत्या सदस्य क्रमांकाचे पासबुक पाहत आहोत ते प्रत्येकीने तपासावे.

पिरनवाडीकर (धागाकर्ता)

हिशोबनीस काका, मोल्डरदादांनी आता नवे पत्र कसे लिहावे, याचा मसुदा द्याल काय?

उद्यमबागेचे हिशोबनीस (निवृत्त)

देतो. यात आरोप नाही, एकूण बेरीज नाही आणि "माझी शिल्लक तपासा" असे मोघम वाक्यही नाही, कारण त्याला "तपासली, बरोबर आहे" एवढे उत्तर पुरते.

"प्रति, व्यवस्थापक, वित्त व हिशोब विभाग.
विषय: एप्रिल, मे व जून २०२३ या वेतन महिन्यांच्या भविष्य निधी वर्गणीचा पगारपत्रकाशी ताळमेळ.
महोदय, वरील तिन्ही महिन्यांच्या पगारपत्रकांनुसार माझे वर्गणीपात्र वेतन दरमहा १४,२०० रुपये असून १,७०४ रुपये कपात झाली आहे. पासबुकात त्याच वेतन महिन्यांसमोर दरमहा १,६२० रुपये जमा आहेत, जे १३,५०० रुपये वेतनावरील वर्गणीइतके आहेत. त्यामुळे माझ्या वाट्यात दरमहा ८४, आपल्या भविष्य निधी वाट्यात २६ आणि पेन्शन वाट्यात ५८ रुपयांची तूट दिसते. कृपया या तीन महिन्यांच्या ईसीआरमध्ये माझ्या नावासमोर दाखवलेले वेतन, चलनाचा टीआरआरएन क्रमांक व भरण्याची तारीख लेखी कळवावी, आणि तूट आढळल्यास फरकाचा पूरक ईसीआर भरून त्याची प्रत द्यावी. सोबत तीन पगारपत्रके व पासबुकाचे पान जोडले आहे."

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यावी, अथवा पत्र ईमेलने पाठवावे. मुख्य कार्यालय बेंगळुरूला असेल तर हाच मजकूर इंग्रजीत द्यावा, तेवढ्यासाठी कागद फिरत राहायला नको.

चिकोडीकर

काकांनी एक गोष्ट लिहिली नाही. उशिरा भरलेल्या रकमेवर मालकाला १२ टक्के व्याज द्यावे लागते आणि ते कामगाराच्या खात्यात जमा होते, म्हणून पत्रात तेही मागावे.

उद्यमबागेचे हिशोबनीस (निवृत्त)

अर्धे बरोबर आहे. उशिराबद्दल मालकाला कलम ७-क्यूखाली १२ टक्के व्याज आणि वर दंड भरावा लागतो, परंतु ती रक्कम भविष्य निधी कार्यालय वसूल करते, ती कामगाराच्या पासबुकात वेगळी जमा होत नाही. दादांना त्या तीन महिन्यांच्या फरकावरचे मधल्या काळाचे व्याज मिळेल की नाही, हा प्रश्न त्यांनी पूरक ईसीआर झाल्यानंतर वेगळा विचारावा. याच पत्रात तो घातला तर उत्तर त्याच वादात अडकेल.

मच्छेचा मोल्डर

काही आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे. या वेळी हिशोब विभागाने मला बोलावून ईसीआरची ओळ दाखवली. काकांनी वर्तवल्याप्रमाणे एकूण पगार १५,२०० आणि पीएफचा पगार १३,५०० असाच होता, आणि आमच्या विभागातील सर्वांच्या ओळी तशाच होत्या. फरक भरण्याचे त्यांनी लेखी मान्य केले आहे. पासबुकात माझ्या वाट्याचे २५२ आणि कंपनीच्या वाट्याचे ७८ आता आले आहेत, पेन्शनच्या रकान्यातील १७४ अद्याप दिसत नाहीत. व्याजाबद्दल त्यांनी काही सांगितलेले नाही.

उद्यमबागेचे हिशोबनीस (निवृत्त)

पेन्शनचे १७४ सोडू नका, कारण पेन्शन ठरवताना पगाराची नोंदच धरली जाते. पासबुकातील पेन्शनच्या पगाराचा रकाना १३,५०० वर राहिला असेल तर पूरक ईसीआरमध्ये तो रिकामा गेला असावा. त्याची प्रत मागून घ्या.

खानापूरचा ठेकेदारी कामगार

माझी स्लिप ठेकेदाराची आहे आणि तो ठेकेदार काम सोडून गेला आहे. चार महिन्यांची कपात पासबुकात नाही. पत्र कोणाला लिहावे?

उद्यमबागेचे हिशोबनीस (निवृत्त)

ज्या कारखान्यात आपण प्रत्यक्ष काम केले, त्याच्या हिशोब विभागाला लिहा आणि प्रत ठेकेदाराच्या पत्त्यावर पाठवा. ठेकेदाराच्या कामगारांचा पीएफ भरला जातो की नाही, याची जबाबदारी मुख्य मालकावर असते. स्लिपांबरोबर गेट पासची किंवा हजेरीची प्रत जोडा, म्हणजे आपण तिथेच काम केले हे नाकारता येणार नाही. महिनाभरात उत्तर आले नाही, तर तेच पत्र आणि आवक शिक्क्याची प्रत `epfigms.gov.in` वर तक्रारीसोबत जोडता येते.